शलमोनचा शुक्रवार

सुज्ञ वाचकहो, या कथेत कुणी राजा नाही, कुणी खलपुरुष नाही आणि कुणाचा विजयही नाही. साखर कारखान्यात पाक आटवून साखरेचा दाणा धरणाऱ्या एका सामान्य पॅनमनाने आपल्या मित्राकडे एका दिवसाची बदली मागितली, ती फेडण्याचे वचन दिले, आणि वचन फेडण्यापूर्वीच ते घेणारा मित्र इहलोक सोडून गेला. त्यानंतर त्या माणसाच्या अंतःकरणाची जी अवस्था झाली ती यथाशक्ती शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे. जे गेले त्यांचे देणे फिटते की नाही, याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा.

श्रीरामपूरच्या बसस्थानकासमोर, रसवंतीच्या चाकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज कानी पडत असताना, गोरक्षच्या अंगठ्याने एक चूक केली. चूक लहान होती. मेहुण्याचा फोन येऊन गेला होता, की तुमच्या पोरीला, स्नेहलला, पाहायला पाहुणे गुरुवारी दुपारी येतो म्हणतात, तेव्हा भाऊजी, तुम्ही घरी पाहिजे. गुरुवारी गोरक्षची बारा ते आठ पाळी होती. पाहुणे, गुरुवार, पाळी, असे तीन शब्द मनात एका ओळीत उभे राहिले आणि त्या ओळीच्या शेवटी इतकी वर्षे जो शब्द उभा असे तोही आपोआप येऊन उभा राहिला. अंगठा खाली सरकला, ‘शलमोन पॅन’ या नावावर टेकला, आणि गोरक्षने फोन कानाला लावला. तिकडे घंटी वाजू लागली तेव्हाही त्याला काही उमगले नाही. तो मनात वाक्य जुळवत होता, की शलमोन, गुरुवारी जरा अडचन हाय. मग घंटी थांबली, कुणीतरी फोन उचलला, आणि त्या क्षणी, कुणी बोलण्यापूर्वीच, आपण माती देऊन आलेल्या माणसाला फोन लावला आहे हे ध्यानात येऊन त्याचा अंगठा फोन बंद करायला पुढे आला.

“बोला भाऊजी,” शलमोनची बायको एस्तेर म्हणाली. “बदली पायजे का?”

तिच्या स्वरात टोमणा नव्हता. इतकी वर्षे त्या फोनवर गोरक्षचे नाव दिसले की घरात तोच प्रश्न विचारला जाई, तोच तिने सवयीने विचारला होता. गोरक्ष म्हणाला, “न्हाई वहिनी. चुकून लागला.”

“लागू द्या. मी बंद न्हाई केला फोन. कुनाकुनाचा येतो अजून. परवा बँकवाल्याचा आला हुता, शलमोन वाघचौरे आहेत का म्हनून. म्हनलं, ड्यूटीवर गेल्यात.” पुढे म्हणाली, “असंच तोंडातून गेलं.” आणि मग, सहज विचारावे तसे, तिने विचारले, “कारखाना कधी बंद व्हतोय हो यंदा?”

“अजून हाय थोडा ऊस,” गोरक्ष म्हणाला.

“उत्तम शुक्रवारापर्यंत?”

“बघू,” तो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याने रसवंतीवाल्याकडे एक ग्लास रस मागितला आणि न पिता तसाच ठेवून दिला. ज्याचा जन्म उसाच्या वासात गेला त्याला तो वास एरवी येतच नाही. त्या दिवशी मात्र तो आला, आणि त्या वासाबरोबर शलमोनही आला, मळकट निळ्या शर्टातला, खिशाला काचपट्टी लावलेला, बसस्थानकावरच्या गर्दीत अगदी त्याच्या डाव्या खांद्यामागे. पॅनवर तो नेहमी डाव्याच बाजूला असे.

बदली मागण्याची एक रीत असते आणि ती कुठल्याही नियमावलीत छापलेली नसते. साखर कारखान्यात पहाटे चार ते दुपारी बारा, बारा ते रात्री आठ आणि आठ ते चार अशा तीन पाळ्या अखंड फिरतात. गळीत सुरू झाले की चाक थांबत नाही, सण थांबत नाहीत, माणसालाच आपला सण थांबवावा लागतो. पॅनवरच्या माणसाच्या जागी पॅनवरचाच माणूस लागतो. तेथे उसाची मोळी टाकणारा किंवा ती आत ओढणाऱ्या गव्हाणीवरचा गडी उभा करून चालत नाही. म्हणून बदली मागायची ती बरोबरीच्या माणसाकडे, ज्याची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी आहे त्याच्याकडे, कारण एकच माणूस लागोपाठ दोन पाळ्या वाफेच्या तोंडाशी उभा राहू शकत नाही. मागताना अडचण खरी सांगायची, आणि ‘करशील का’ असे विचारण्यापूर्वी ‘परत कधी करीन’ ते सांगायचे. दिवसाला दिवस आणि अवघडाला अवघड. दुसऱ्याची दिवाळी घ्यायची आणि परतीला त्याला मोकळा-ढाकळा बुधवार द्यायचा, हे पॅनवर कुणी विसरत नाही. आणि आणखी एक रीत त्या कारखान्यात कुणी लावली कोण जाणे, परंतु ती गोरक्षच्या वडिलांच्या वेळेपासून होती: बदलीच्या दिवशी डबा येतो तो करणाऱ्याच्या घरचा नव्हे, ज्याची पाळी आहे त्याच्या घरचा. घाम दुसऱ्याचा, भाकरी मूळ धन्याची. त्यामुळे गोरक्षने शलमोनच्या घरचा नाताळचा केक पॅनच्या कठड्याला टेकून खाल्ला होता आणि शलमोनने पाडव्याच्या दिवशी गोरक्षची बायको चांगुणा हिच्या हातची पुरणपोळी साखरेच्या वाफेत उभे राहून खाल्ली होती, आणि म्हणाला होता, “गोरख्या, हितं आधीच इतकं गोड हाय, वहिनीला म्हनावं पुढच्या टायमाला ठेचा धाड.”

माघ महिन्यात चांगुणाच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख नगरच्या दवाखान्यात मिळाली ती मंगळवारची. मंगळवार ही शलमोनची सुट्टी. गोरक्षने त्याला गाठले ते पाळी बदलताना, पॅनच्या लोखंडी जिन्यावर. शलमोन गेल्यापासून तो जिना चढता-उतरताना गोरक्षचा पाय त्या पायरीवर अडखळे. तो म्हणाला होता, “मंगळवारी चांगुणाला नगरला न्यायचंय. डोळा. तुजी सुट्टी हाय, पन माजी पाळी करशील का? बदल्यात तुला पायजे तो दिवस माग. सुट्टीचा माग, सनाचा माग.”

शलमोनने लगेच हो म्हटले नाही. त्याने रुमालाने मान पुसली, वर चाललेल्या वाफेच्या नळाकडे पाहिले, आणि एखादी लाजिरवाणी गोष्ट सांगावी तसा म्हणाला, “मंगळवार तुजा. मला शुक्रवार दे. उत्तम शुक्रवार. तुजी सुट्टी शुक्रवारचीच असती.”

“त्यात काय. तुज्या नाताळाला करतोच की मी.”

“नाताळाचं निराळं.” मग त्याने जे सांगितले ते सांगताना त्याचा आवाज हळू झाला होता. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन त्यांच्या चर्चमध्ये सात शब्दांची उपासना असते. ख्रिस्ताने वधस्तंभावरून उच्चारलेले सात शब्द. त्या प्रत्येक शब्दावर मंडळीतला एकेक माणूस उठून बोलतो. मास्तर बोलतात, बँकेतले साहेब बोलतात, नर्सबाई बोलतात. कारखान्यातला माणूस आजवर कधी बोलला नव्हता, कारण हंगाम लांबला की तो त्या वेळी पाळीवर असे, आणि हंगाम संपलेला असला तरी त्याला कुणी विचारत नसे. यंदा चर्चच्या पाळकसाहेबांनी शलमोनला विचारले होते. पाचवा शब्द. तहानेचा: ‘मला तहान लागली आहे.’

“तहानेवर काय बोलनार तू?” गोरक्षने चेष्टेने विचारले होते.

“तुला म्हाईत न्हाई?” शलमोन म्हणाला. “इतकी वर्सं पॅनवर कोन उभं हाय, मी का पाळकसाहेब?” आणि तो हसला. मग गंभीर होऊन त्याने बोट दाखवले. “पर शब्द हाय ना तुजा? पाऊस पडो, जावई येवो.”

“शब्द हाय,” गोरक्ष म्हणाला होता. “शुक्रवार तुजा.”

मंगळवारी चांगुणाच्या डोळ्यावर पट्टी होती आणि दवाखान्याच्या बाकावर गोरक्ष निश्चिंत बसला होता. पॅनवर शलमोन असल्यावर काळजी कसली! पहाटे उठून तिने ऑपरेशनला निघण्यापूर्वी, उपाशीपोटी, शलमोनसाठी डबा केला होता: भाकरी, वांग्याची भाजी आणि मागच्या वेळेची आठवण ठेवून ठेचा. तो तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा कारखान्यात गेला, तेथून शलमोनच्या सायकलीला अडकून बेलापूरला त्याच्या घरी गेला, आणि परत आला नाही. परत येण्यापूर्वीच एका सकाळी शलमोन झोपेतून उठला नाही. ना आजार, ना अपघात. एस्तेर म्हणाली, चहा ठेवला आणि हाक मारली. इतकेच. अंत्यविधीला गोरक्ष गेला, शवपेटीवर त्याने मूठभर माती टाकली, आणि ती माती हातातून सुटताना त्याच्या मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. विचार होता, शुक्रवारचे काय? त्या विचाराची त्याला स्वतःचीच शिसारी आली. तो विचार त्याने दाबला, आणि दाबलेली वाफ जशी आपली वाट शोधते तसा तो त्याच्या दिवसांत शिरू लागला.

पॅन म्हणजे दोन मजले उंच असे फुगीर पोटाचे लोखंडी भांडे. त्यात पाक घेऊन, आतली हवा ओढून, वाफेवर तो आटवायचा, कमी उष्णतेत उकळत ठेवायचा, आणि नेमक्या घट्टपणाला बी म्हणून बारीक साखर सोडून दाणा धरायचा. काचेच्या गोल खिडकीतून आत पाहिले तर सोनेरी वादळ घोंघावताना दिसते. मधूनमधून दांडीने नमुना ओढून काचपट्टीवर पसरायचा आणि उजेडाकडे धरून दाणा पाहायचा: एकसारखा हवा, तीक्ष्ण कडांचा हवा. घाई केली, वाफ जास्त सोडली, की मोठ्या दाण्यांच्या मधे धुळीसारखे बारीक दाणे जन्म घेतात. त्याला खोटा दाणा म्हणतात. तो वेळेत ओळखून गरम पाणी घेऊन विरघळवावा लागतो, नाहीतर अख्खे पॅन वाया जाते. पाळी बदलताना जाणारा म्हणतो, “पॅन तुजं,” आणि येणारा काचपट्टी पाहून म्हणतो, “माजं.” ते ‘माजं’ ऐकल्याशिवाय जाणाऱ्याने जिना उतरायचा नसतो, मग घरी कुणी का वाट पाहत असेना.

शलमोन गेल्यापासून गोरक्षला त्या ‘माजं’ची तहान लागली होती. पाळी संपताना समोर शलमोनच्या जागी आलेला ओम उभा असे. ओम राहुरीकडचा, लग्नाळू, हुशार. कानात गाणी असली तरी त्याचा दाणा चांगला धरे. तो नीट ‘माजं’ म्हणे. तरी गोरक्ष जिन्याच्या त्या पायरीवर थांबे, आणि त्याला वाटे की कुणीतरी डाव्या बाजूला, पॅनच्या अंधाऱ्या पोटाशी, अजून चार्ज दिलेला नाही म्हणून उभे आहे. मंगळवारी घेतलेले पॅन त्या माणसाने कुणाच्या तरी हाती दिले असेलच. त्या दिवशी आठच्या पाळीवाल्याने ‘माजं’ म्हटलेही असेल. परंतु ते पॅन मुळात गोरक्षचे होते, आणि गोरक्षने ते परत घेतलेले नव्हते. ही गोष्ट तर्काला पटणारी नव्हती. तर्क त्याने पुष्कळ केला. एके दुपारी काचेच्या खिडकीत आतल्या उकळीवर दिव्याचा प्रकाश पडला होता आणि त्याला वाटले, आत कुणीतरी तोंड उघडून पाणी मागत आहे. तो पाहत राहिला. भानावर आला तेव्हा पॅन-इनचार्ज आबासाहेब शेजारी उभे राहून त्याची काचपट्टी उजेडाकडे धरत होते.

“खोटा दाणा,” आबासाहेब म्हणाले. “गोरक्षनाथ, ही तुमची काचपट्टी हाय?”

गोरक्षने वाफ कमी केली, पाणी घेतले, आणि बारीक दाणे विरघळेपर्यंत तेथून हलला नाही. आबासाहेब जाताना म्हणाले, “चित्त कुठं असतं आजकाल? हंगाम संपत आला. चार दिवस कळ काढा, मग झोपा काढा.”

हंगाम संपत आला होता, आणि हेच तर त्याचे भय होते. उसाच्या गव्हाणीसमोर ज्या पटांगणात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत जाई तेथे आता कुत्री उन्हात लोळत होती. तोडणीवाल्यांच्या कोप्या मोडल्या जात होत्या. पाचटाची छपरे उतरवून, भांडी, शेळ्या आणि लेकरे ट्रकात घालून माणसे पूर्वेकडे गावाला निघाली होती, आणि निघताना त्यांचे चेहरे फुलले होते. कारखान्यातला प्रत्येक जण हंगाम संपण्याची वाट पाहत होता. गोरक्ष एकटा मनातल्या मनात ऊस मागत होता. कारखाना शुक्रवारपूर्वी थांबला तर शुक्रवारची पाळीच उरणार नाही. पाळी उरली नाही तर फेडायचे काय, आणि कुठे? कोपरगावच्या हद्दीपलीकडे काही ऊस उभा आहे असे कुणी म्हणाले की त्याला हायसे वाटे. मग कुणी म्हणे, तो दुसऱ्या कारखान्याने नेला. तो सायकलीवरून घरी जाताना उभ्या उसाचे फड न्याहाळी, आणि कुठे हिरवा चौकोन दिसला की आशाळभूतासारखा थांबे.

बसस्थानकावरून तो घरी आला तेव्हा चांगुणा अंगणात ज्वारी पाखडत होती. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर अजून काळा चष्मा होता, त्यामुळे ती नेमकी कुठे पाहते हे कळत नसे. त्याने पाहुण्यांचे सांगितले. गुरुवारी पाळी आहे हेही सांगितले.

“मंग बदली घ्या की.”

“कुनाकडं मागू?” तो म्हणाला. तिने सुपातला एक खडा वेचून फेकला.

ती म्हणाली, “मंग शुक्रवारी बोलवू. तुमची सुट्टीच हाय. आपल्याला कुनाच्या पाया पडायला नको.”

“शुक्रवार दिलाय.”

“कुनाला?”

“शलमोनला.”

चांगुणाने सूप खाली ठेवले. स्वयंपाकघरातून स्नेहलचा भांडी लावण्याचा आवाज येत होता, तोही थांबला. गोरक्षला वाटले, आता ही रडेल किंवा रागावेल, मेलेल्या माणसापुढे पोटच्या पोरीचे काही नाही का म्हणेल. ती म्हणाली, “त्या दिवशी ठेचा त्यांना आवडला का, ते इचारायचं राहिलं माजं.” आणि पुन्हा सूप उचलून, “रविवारचं बघा म्हनावं पावन्यांना. न्हाई जमलं तर दुसरी पोरगी बघतील. हिच्या नशिबात असल ते रविवारी पन यील.” मग जाता जाता, स्वतःशीच बोलावे तशी, “डबा तेवढा राहिला तिकडं. सुतकाच्या घरात डबा मागू कसा? आसू दे. भाऊंच्या घरी आपला एक डबा आसू दे.”

आपण ज्याला वेड समजत होतो ते या बाईने एका वाक्यात घरातल्या वस्तूसारखे उचलून जागेवर ठेवले, असे गोरक्षला वाटले. दुसऱ्या दिवशी त्याने ओमला गाठले. गोरक्षच्या सुट्टीच्या शुक्रवारी बाराची पाळी पूर्वी शलमोन करी, आता ती ओमकडे होती.

“शुक्रवारची तुजी पाळी मी करतो. बारा ते आठ.”

ओमने कानातले काढले. “का नाना? माजं काय लगीन हाय का त्या दिशी?”

“घरी झोप.”

“आन परत कधी करायची मी?”

“नको परत.”

ओम हसला, मग त्याचे हसू कमी झाले. “नाना, वाईट वाटून घेऊ नका. पर फुकटात बदली देनाऱ्याची लई भीती वाटती. पोरीबिरीचं स्थळ म्हनून माज्याकडं बघत असाल तर आधीच सांगा, माजं जमलंय.”

“स्थळ रविवारी यायचंय,” गोरक्ष म्हणाला, “ते नोकरीवालं हाय. तू निवांत झोप.”

परंतु बदलीला आबासाहेबांची संमती लागते. दोघांना त्यांच्यापुढे उभे राहून तोंडाने सांगावे लागते, कोण कुणाची पाळी करणार आणि परतीचा दिवस कोणता. आबासाहेबांचा त्या दुसऱ्या गोष्टीवर कटाक्ष असे. परतीचा दिवस न ठरवता झालेल्या बदल्यांवरून पॅनवर पूर्वी डोकी फुटली होती. गोरक्षने सांगितले ते त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “परतीचा दिवस?”

“नानाला नकोय म्हनं,” ओम म्हणाला.

“चालनार न्हाई. आज नको म्हनतील, उद्या दिवाळीला मागतील. दिवस सांगा.”

गोरक्षच्या तोंडात शब्द जड झाला. पॅनच्या मजल्यावर इतका घरघराट असतो की माणूस ओरडूनच बोलतो, आणि ही गोष्ट ओरडून बोलण्यासारखी नव्हती. तो आबासाहेबांच्या कानाजवळ गेला. “परतीचा दिवस होऊन गेलाय, साहेब. माघातला मंगळवार.”

आबासाहेबांनी त्याच्याकडे पाहिले. त्या मंगळवारी पॅनवर कोण होते हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्याच समोर ती बदली ठरली होती. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि चष्म्याविना त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. “ती बदली रद्द झालीय, गोरक्षनाथ,” ते सावकाश म्हणाले. “मानूस गेला की रद्द व्हती.”

“कुनी रद्द केली?”

बरेच दिवस न उच्चारलेला प्रश्न गोरक्षच्या तोंडून आज बाहेर पडला होता. आबासाहेब म्हणाले, “कारखाना चालू असला तर करा,” आणि वळून गेले.

गुरुवारी दुपारी शेवटची ट्रॉली आली. तिला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या, ट्रॅक्टरच्या बोनेटवर नारळ फोडला गेला, गुलाल उडाला, आणि मोळी गव्हाणीत पडल्यावर भोंगा नेहमीपेक्षा लांब वाजला. गोरक्ष पॅनवरून ते पाहत होता. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. ऊस पिळणारी गिरण थांबली तेव्हा इमारतीतला एक थरथराट निघून गेला आणि त्याच्या तळपायांना या हंगामात प्रथमच लोखंड स्थिर असल्याचे जाणवले. त्याला वाटले, संपले. मग आबासाहेबांची हाक आली. ऊस संपला तरी रस संपत नाही. टाक्यांत पाक उरतो, तो आटवून, दाणा धरून, सगळे साफ झाल्याशिवाय पॅन सुटत नाही. “पाक हाय उद्यापुरता,” आबासाहेब म्हणाले, आणि दुसरीकडे पाहत, “उद्या बाराला वेळेवर या.”

शुक्रवारी बाराच्या ठोक्याला गोरक्ष जिना चढला. चारच्या पाळीचा माणूस घाईत होता. “पॅन तुजं,” तो म्हणाला. गोरक्षने काचपट्टी उजेडाकडे धरली. दाणा स्वच्छ होता. तो “माजं” म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याच्या लक्षात आले की हा शब्द आज खरा नाही. पॅन शलमोनचे आहे. जाणारा जिना उतरून गेला. बेलापूरला या वेळी घंटा वाजत असेल, पहिला शब्द होत असेल. गिरण बंद असल्याने इमारतीत अशी शांतता होती की पॅनमधली उकळी श्वासासारखी ऐकू येत होती. डाव्या बाजूला त्याने मान वळवून पाहिले नाही. इतके दिवस तो वळून पाही आणि तेथे कुणी नसे; आज न पाहता तेथे कुणी आहे असे मानणे त्याला सोपे वाटले. त्याच्या ओठांवर साखर साचली. बाटलीतले पाणी तो प्यायला नाही. उपवास म्हणून नव्हे. तहान लागली पाहिजे असे त्याला वाटले. पाक घेत, वाफ सावरत, नमुना ओढत त्याने दाणा वाढवत नेला, आणि मन एकदाही ढळले नाही. दुसरा शब्द, तिसरा, चौथा, असे तो अंदाजाने मोजत होता, आणि पाचव्याची वेळ झाली असेल असे वाटले तेव्हा त्याला कळले की तेथे बोलायला कुणी नाही. मंडळी बसली असतील. पाळकसाहेब थांबले असतील. आपण वेळ दिला, परंतु त्या वेळेत उभे राहायला माणूस नाही. दिलेले ताट समोर आणि जेवणारा गेलेला. वाफेच्या चाकावर हात ठेवून तो तसाच उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. घामात ते कुणाला दिसण्यासारखे नव्हते, आणि पाहणारे कुणी नव्हतेही.

पॅन सोडून झाले, घट्ट सोनेरी लगदा खालच्या टाकीत उतरला, तेव्हा फाटकावरच्या पहारेकऱ्याने खालून हाक दिली की कुणी बाई आल्यात. एस्तेर फाटकाजवळच्या लिंबाखाली उभी होती. पांढरी साडी, उन्हाने लाल झालेला चेहरा, आणि हातात कापडी पिशवी.

“वहिनी, एवढ्या उन्हात कशाला?”

“चर्चमधून थेट आले. मधी घरी जाऊन आले फक्त.” ती जराशी हसली. “पॅनवर आज तुमी हाय ते आबासाहेबांनी कळवलं हुतं. भाऊजी, पाचव्या शब्दाला पाळकसाहेबांनी माज्याकडं बघितलं. मी उठले. यांनी कायतरी जुळवलं हुतं, पॅनवर म्हनं तोंडाला साखर आन घशाला कोरड असती, ते सांगनार हुते. मला ते सगळं सांगाया आलं न्हाई. मी म्हनाले, माजा नवरा आज कामावर हाय. त्यांची पाळी त्यांचा दोस्त करतोय. एवढं म्हनाले आन बसले.”

गोरक्षने वर पाहिले. कारखान्याच्या धुराड्यातून येणारा धूर विरळ झाला होता.

“सगळे गप हुते,” ती म्हणाली. “मंग मास्तरांनी गानं सुरू केलं.” तिने पिशवी पुढे केली. त्यात तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा होता, घासून लख्ख केलेला. “वहिनींचा डबा लई दिवस राहिला. रिकामा कसा द्यायचा म्हनून ठेवला हुता.”

“तुमचा आज उपास,” गोरक्ष म्हणाला. “तुमी जेवला न्हाईत. ह्यो कशाला आनला?”

“पाळी कुनाची हाय?” एस्तेर म्हणाली.

तो डबा घेऊन वर गेला. कठड्याला टेकून त्याने कप्पे उघडले: भाकरी, वांग्याची भाजी, आणि खालच्या कप्प्यात ठेचा. ठेचा तिखट होता. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी आले, घशात आग झाली, आणि दुपारपासून अडवून ठेवलेली तहान एकदम अशी उसळली की त्याने बाटली उचलून तोंडाला लावली आणि ती रिकामी होईतो खाली ठेवली नाही. आठ वाजता पाळीवर कुणी आले नाही. पाक संपला होता, येण्याचे कारण नव्हते. ‘माजं’ म्हणणारा कुणी नसता जिना उतरण्याची ती त्याची पहिली वेळ. त्याने वाफ बंद केली, काचपट्टी पुसून शलमोनच्या बाजूच्या खिळ्यावर टांगली, आणि डबा हातात घेऊन उतरू लागला. त्या पायरीवर पाय थांबला नाही, हे त्याला खाली पोहोचल्यावर आठवले.

वाचकहो, आपण हे लांबलेले लेखन धीराने वाचलेत, त्याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे. शब्दांत जे उणे राहिले ते माझ्या अल्पशिक्षणाचे आहे. गोरक्ष आणि शलमोन यांच्यात उणे काही नव्हते.

आपला नम्र,
सूर्यभान किसन कडस्कर,
देवळाली प्रवरा